परफॉर्मन्स मोड लावूनही ६० एफपीएस का मिळत नाहीत?

प्रश्न: पीएस ५ वर बऱ्याच गेममध्ये परफॉर्मन्स आणि क्वालिटी असे दोन मोड असतात. परफॉर्मन्स लावला तरी काही ठिकाणी गेम अडखळतोच. म्हणजे कन्सोलमधलं नेमकं काय कमी पडतं? आणि ते आपल्याला घरबसल्या कळू शकतं का?

उत्तर:

कळू शकतं, आणि त्यासाठी हे दोन मोड हीच उत्तम सोय आहे. परफॉर्मन्स मोड लावला की मुख्यतः चित्र काढणाऱ्या जीपीयूवरचं ओझं हलकं होतं. गेमचे निर्णय आणि हिशोब सांभाळणाऱ्या सीपीयूचं काम जवळपास तेवढंच राहतं, फक्त ते निम्म्या वेळात उरकावं लागतं. त्यामुळे मोड बदलल्यावर जे सुधारतं तिथे जीपीयू अडत होता, आणि जे सुधारत नाही तिथे बहुतेक वेळा सीपीयू अडलेला असतो.

आधी वेळेचा हिशोब पाहू. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, दिसतात तो आकडा. ३० एफपीएसला एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० ला १६.७. जीपीयूच्या कामाचे दोन भाग पडतात. एक भाग पिक्सेलच्या संख्येवर वाढतो-घटतो: प्रकाश, परावर्तनं, पृष्ठभागांचं शेडिंग. दुसरा भाग रिझोल्यूशन काहीही असलं तरी साधारण तेवढाच राहतो: सावल्यांचे नकाशे बनवणं, भूमितीची मांडणी, प्रकाशकिरणांचा माग काढणाऱ्या रे ट्रेसिंगसाठी लागणारी दृश्याची रचना दर फ्रेमला अद्ययावत करणं.

समजा, एखाद्या गेमला पूर्ण ४के मध्ये जीपीयूवर ३१ मिलिसेकंद लागतात. हा आकडा उदाहरणापुरता घेतलाय. त्यातले ५ ठरीव कामाचे आणि २६ पिक्सेलवर अवलंबून असलेले धरा. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे सुमारे ३७ लाख, म्हणजे ४४ टक्के. २६ चे ४४ टक्के साडेअकरा होतात, त्यात ठरीव ५ मिळवले की साडेसोळा. १६.७ च्या मर्यादेत कसंबसं बसलं! निम्म्याहून जास्त पिक्सेल सोडून दिले तेव्हा कुठे वेळ निम्म्यावर आला, आणि हातात शिल्लक काहीच राहिली नाही. म्हणूनच परफॉर्मन्स मोडमध्ये रिझोल्यूशन सहसा एका जागी ठेवत नाहीत. दृश्य जड झालं की गेम ते आपोआप आणखी खाली आणतो आणि अपस्केलरकडून चित्र मोठं करून घेतो. रे ट्रेसिंग बंद करण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं, कारण त्याने दोन्ही भागांतला खर्च वाचतो.

आता सीपीयू. पीएस ५ मध्ये झेन २ जातीचे आठ कोअर आहेत, कमाल ३.५ गिगाहर्ट्झवर चालणारे. २०२० साली, मागच्या पिढीतल्या जॅग्वार कोअरच्या तुलनेत, ही फार मोठी उडी होती. पण गावातल्या शंभर पात्रांनी कुठे जायचं, कोण कुणाला धडकलं, कोणती वस्तू पडली, जीपीयूला काय काय काढायला सांगायचं, हे सगळं सीपीयू ठरवतो. यातल्या कशालाही रिझोल्यूशनशी देणंघेणं नाही. मोकळ्या माळावर हे काम समजा १२ मिलिसेकंदांत होतं आणि गजबजलेल्या शहरात २२ लागतात. क्वालिटी मोडला ३३.३ ची मुभा आहे, त्यामुळे २२ आरामात खपतात आणि शहरातही गेम स्थिर वाटतो. परफॉर्मन्स मोडला मात्र १६.७ च हवेत. हजार भागिले २२ म्हणजे जेमतेम ४५ एफपीएस. इथे रिझोल्यूशन ७२०पी पर्यंत खाली आणलं तरी ४५ चे ४६ होणार नाहीत, कारण जीपीयू आपलं काम संपवून सीपीयूची वाट बघत बसलेला असतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे मार्च २०२४ मध्ये आलेला ड्रॅगन्स डॉग्मा २. सुरुवातीला कन्सोलवर मोड निवडण्याची सोयच नव्हती आणि फ्रेमरेट मोकळा सोडलेला होता. रानात तो बरा चालायचा, पण व्हर्नवर्थ शहरात शिरलं की स्पष्टपणे घसरायचा. लोकांनी ओरड केल्यावर कॅपकॉमने रे ट्रेसिंग बंद करण्याचा आणि फ्रेमरेट ३० वर बांधण्याचा पर्याय दिला. पण रे ट्रेसिंग बंद केल्याने फ्रेमरेटमध्ये फारसा फरक पडणार नाही, असंही सोबत सांगितलं होतं. गेममधल्या प्रत्येक पात्रामागे सीपीयूचा मोठा वाटा खर्च होतो, हे त्यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणजे ग्राफिक्सची सेटिंग कितीही खाली आणली तरी शहरातली गर्दी तिथेच राहते, आणि अडचण गर्दीची होती. अशा गेममध्ये ३० ला बांधणं हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक पर्याय असतो. ३० ते ४५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा सारख्या अंतराने येणाऱ्या ३० फ्रेम डोळ्यांना बऱ्या वाटतात.

तिसरी मर्यादा मेमरीच्या वेगाची, आणि ती सहज नजरेतून सुटते. पीएस ५ ची १६ जीबी मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती हलवू शकते, आणि हा वेग सीपीयू व जीपीयू दोघांनी वाटून घ्यायचा असतो. ३० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १५ जीबी येतात, ६० ला साडेसात. धूर, आग, धुळीचे लोट आणि दाट पानं या गोष्टी इथे महाग पडतात. पारदर्शक थर एकावर एक चढतात, त्यामुळे तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा वाचून पुन्हा लिहावा लागतो. कॅमेऱ्यासमोर स्फोट झाला की क्षणभर फ्रेमरेट पडतो आणि धूर विरला की लगेच सावरतो, असं दिसलं तर संशय पिक्सेलच्या याच कामावर घ्या. सीपीयूची घसरण तशी नसते. ती गर्दीत शिरल्यावर सुरू होते आणि गर्दीतून बाहेर पडेपर्यंत टिकते.

घरी तपासायचं असेल तर १२० हर्ट्झचा आणि व्हीआरआर असलेला, म्हणजे गेमच्या फ्रेमरेटप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारा, टीव्ही लागेल. पीएस ५ स्वतः एफपीएस दाखवत नाही, पण व्हीआरआर चालू असताना बऱ्याच टीव्हींच्या गेम बारमध्ये बदलता आकडा दिसतो. कन्सोलवर `Settings` मध्ये `Screen and Video`, मग `Video Output` उघडा. तिथे `VRR` आणि `120 Hz Output` दोन्ही `Automatic` वर ठेवा. एक अडचण ध्यानात असू द्या: पीएस ५ चं व्हीआरआर ४८ ते १२० हर्ट्झमध्येच चालतं. गेमने स्वतः वेगळी सोय केली नसेल तर ४८ च्या खाली गेल्यावर टीव्हीवरचा आकडा भरवशाचा राहत नाही आणि अडखळणंही एकदम जाणवायला लागतं.

मग गेममधल्या सर्वांत गजबजलेल्या चौकात सेव्ह करा. त्याच जागी, कॅमेरा त्याच दिशेला ठेवून, आधी परफॉर्मन्स आणि मग क्वालिटी मोडमध्ये आकडा बघा. क्वालिटी मोडला ३० चं कुलूप असेल तर ही तुलना निरुपयोगी ठरते, म्हणून व्हीआरआर असताना क्वालिटी मोड मोकळा सोडणारा गेम निवडा. समजा परफॉर्मन्समध्ये ५० आणि क्वालिटीमध्ये ४८ मिळाले. पिक्सेल दुपटीने वाढूनही वेग तेवढाच राहिला, म्हणजे त्या चौकात सीपीयू अडलाय, यात शंकेला फारशी जागा नाही. आकडा ५८ वरून ४८ च्याही खाली घसरला तर अडलाय जीपीयू. जमिनीकडे किंवा आकाशाकडे कॅमेरा वळवून बघायची युक्ती बरेच जण सांगतात, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. नजरेआडच्या वस्तू काढायला सांगण्याचं सीपीयूचं कामही त्याने कमी होतं, त्यामुळे दोन्ही परिस्थितींत आकडा वाढू शकतो.

असा टीव्ही नसेल तर चित्राकडे बघा. परफॉर्मन्स मोडमध्ये गेम ६० ला अगदी स्थिर आहे, पण पानं आणि केस धूसर किंवा चमचमते दिसतात, तर जीपीयूवर ताण आहे आणि बदलत्या रिझोल्यूशनने तो झेललाय. चित्र स्वच्छ आहे, तरीही गेम अडखळतो, तर रिझोल्यूशन कमी करून काही मिळणार नाही हे गेमलाच ठाऊक आहे: सीपीयू अडलाय. धूसरपणा नेमका किती हे बघायचं तर कॅमेरा एका दृश्यावरून दुसऱ्यावर झटकन जातो तो क्षण पकडा. आजकालचे अपस्केलर मागच्या फ्रेममधली माहिती वापरून चित्र भरून काढतात. दृश्य तुटल्यावर पहिल्या फ्रेमला वापरायला मागचं काही नसतं, त्यामुळे तिच्यात खरं रिझोल्यूशन उघडं पडतं. व्हिडिओ रेकॉर्ड करून फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा. पहिल्या फ्रेममध्ये तिरक्या कडांवर जाड पायऱ्या दिसतील आणि पुढच्या काही फ्रेममध्ये त्या विरघळतील. धावणाऱ्या पात्राच्या पाठीमागे नुकत्याच उघड्या पडलेल्या पार्श्वभूमीवर जी खरखर दिसते, तिचंही कारण हेच.

काही गेममध्ये ४० एफपीएसचा पर्याय असतो, २०२१ च्या रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टमध्ये तो लवकर आला होता. ४० ला फ्रेमसाठी २५ मिलिसेकंद मिळतात, जे ३३.३ आणि १६.७ च्या बरोबर मध्ये येतं. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम नेमकी तीन वेळा दाखवली जाते, म्हणून ती अडखळत नाही. ६० हर्ट्झच्या टीव्हीवर हा भाग जमत नाही, कारण ६० ला ४० ने पूर्ण भाग जात नाही. क्वालिटीच्या जवळपासचं चित्र ठेवून गेमने ४० गाठले, याचा अर्थ ३० च्या कुलपामागे आठेक मिलिसेकंद पडून होते. वर घेतलेल्या २२ मिलिसेकंदांच्या शहरालाही २५ मध्ये बसायला जागा आहे. म्हणून १२० हर्ट्झचा टीव्ही असेल आणि गेममध्ये ४० चा पर्याय असेल, तर मी आधी तोच लावून बघायला सांगेन.

हाच तर्क पीएस ५ प्रो घ्यायचा विचार असेल तर कामाला येतो. प्रोमध्ये जीपीयूचे कम्प्यूट युनिट ३६ वरून ६० झाले आणि मेमरीचा वेग सेकंदाला ५७६ जीबी. सीपीयू मात्र त्याच झेन २ जातीचा आहे आणि गरज पडल्यास ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे दहा टक्केच, वर जातो. तुमच्या आवडत्या गेमची तक्रार धूसर चित्राची असेल तर प्रोने खरा फरक पडेल. तक्रार भर बाजारात ४५ ला पडणाऱ्या फ्रेमरेटची असेल, तर तेच २२ मिलिसेकंद तिथे दहा टक्क्यांनी घटून २० होतील, म्हणजे ५०. साठ तरीही नाहीत.