ईव्हीतला ऑनबोर्ड चार्जर आणि १२ व्होल्टचा कन्व्हर्टर

प्रश्न: घरी ७.२ किलोवॉटचा बॉक्स बसवला, तरी गाडी ३.३ नेच चार्ज होते. त्यात गेल्या आठवड्यात मोठी बॅटरी ६२ टक्के असताना गाडी सुरूच झाली नाही. सर्व्हिसवाले म्हणाले, १२ व्होल्टची बॅटरी उतरली. हा ऑनबोर्ड चार्जर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर गाडीत नेमकं करतात काय?

उत्तर: माझं रोजचं काम ईव्हीच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचं आहे, त्यामुळे हे दोन्ही डबे उघडून पाहण्यातले आहेत. तुमची पहिली अडचण ऑनबोर्ड चार्जरशी निगडित आहे, दुसरी कन्व्हर्टरशी.

भिंतीवरच्या बॉक्सला आपण सगळेच चार्जर म्हणतो, पण बॅटरी चार्ज करणारं त्यात काहीच नसतं. त्यात असतो एक दणकट रिले, गळती करंट पकडणारं सर्किट आणि अर्थिंगची तपासणी. सगळं ठीक असेल तर तो २३० व्होल्टचा एसी जसाच्या तसा गाडीकडे सोडतो. बॅटरीला मात्र डीसी लागतो, आणि तोही तिच्या त्या क्षणाच्या व्होल्टेजप्रमाणे. साडेतीनशे व्होल्टची म्हणतात ती बॅटरी रिकामी होत आली की तीनशेच्या आसपास असते आणि भरत आली की चारशेजवळ जाते. हे बदलतं लक्ष्य धरून डीसी पुरवायचं काम ऑनबोर्ड चार्जरचं. आधी तो एसीचा डीसी करून चारशेच्या घरात चढवतो. मग तो डीसी सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद करून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे नेतो आणि तिथे पुन्हा त्याचा डीसी करतो. एवढ्या वेगामुळेच तो ट्रान्सफॉर्मर तळहातावर मावतो. घरच्या ५० हर्ट्‌झवर याच ताकदीचा ट्रान्सफॉर्मर उचलायला दोन माणसं लागली असती.

आता ७.२ आणि ३.३ चा हिशोब. गन लावली की बॉक्स एका बारीक वायरवरून गाडीला चौकोनी लहरींचा सिग्नल पाठवतो, सेकंदाला हजार लहरी. प्रत्येक लहरीचा किती टक्के भाग ‘वर’ आहे, त्याला ०.६ ने गुणलं की बॉक्स किती अँपिअर द्यायला तयार आहे ते कळतं. ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. पण ही फक्त वरची मर्यादा झाली. त्यातलं किती घ्यायचं ते गाडीतला चार्जर ठरवतो, आणि तो ३.३ किलोवॉटचाच असेल तर १४-१५ अँपिअरच्या वर जाणारच नाही. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये वेगवेगळे चार्जर असतात, म्हणून आधी तुमच्या व्हेरियंटचा तपशील पाहा. तिथे ७.२ लिहिलेलं असेल, तर बॉक्समधली करंट मर्यादा १६ वर ठेवली आहे का ते बघायला सांगा. वायरिंग करणारे इलेक्ट्रिशियन जुन्या सोसायट्यांत ती मुद्दाम कमी ठेवतात, आणि ते बरोबरही असतं.

वेळेतला फरक मोठा आहे. ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायची तर तिच्यात २४ युनिट जायला हवेत. ३.३ ने तीनेक किलोवॉटच आत पोचतात, म्हणजे आठ तास. ७.२ ने पावणेचार. मीटरवर मात्र २४ न दिसता २६-२७ युनिट दिसतील. बाकीची वीज चार्जरच्या उष्णतेत जाते, म्हणून तर त्याला कूलंटची लाइन असते.

हायवेवरचा डीसी फास्ट चार्जर या डब्याला वळसा घालून थेट बॅटरीच्या लाइनवर येतो. त्यामुळे गाडी दोन वेगवेगळ्या एसी पॉइंटवर चार्ज होत नसेल आणि डीसीवर व्यवस्थित होत असेल, तर संशय सरळ ऑनबोर्ड चार्जरवर जातो.

कन्व्हर्टर उलट दिशेने काम करतो. हेडलाइट, वायपर, स्क्रीन, सेंट्रल लॉक, ब्रेकचा कंट्रोलर हे सगळं ईव्हीतही १२ व्होल्टवरच चालतं. पेट्रोल गाडीत ही बॅटरी अल्टरनेटर भरतो, इथे ते काम कन्व्हर्टर करतो. मोठ्या बॅटरीकडून साडेतीनशे व्होल्ट घेऊन तो १४ च्या आसपास देतो. दोन किलोवॉटचा असेल तर आत येणारा करंट जेमतेम सहा अँपिअर आणि बाहेर जाणारा एकशे चाळीस. म्हणून त्याची एक वायर बारीक आणि दुसरी अंगठ्याएवढी दिसते. या दोन बाजू तांब्याने कुठेही जोडलेल्या नसतात, मधे ट्रान्सफॉर्मरच असतो. १२ व्होल्टचा निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो, आणि मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज त्या पत्र्यापर्यंत कधीही पोचता कामा नये.

आता ६२ टक्क्यांचं कोडं. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी असलेले दोन कॉन्टॅक्टर उघडतात आणि ती बाकी गाडीपासून पूर्ण तुटते. सुरू करताना सीटखाली ‘टक्‌’ असा आवाज येतो ना, तो ते पुन्हा जोडल्याचा. त्यांच्या कॉइलला लागतात १२ व्होल्ट. ते नसतील तर कॉन्टॅक्टर ओढले जात नाहीत. कॉन्टॅक्टर नाहीत तर कन्व्हर्टरला वीज नाही, आणि कन्व्हर्टर बंद तर १२ ची बॅटरी भरायला कोणी नाही. मोठ्या बॅटरीत कितीही चार्ज असला तरी तो दाराआड अडकून पडतो.

ती उतरते कशी, याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे बाहेरून बसवलेला डॅशकॅम, कायम चालू राहणाऱ्या लाइनवर जोडलेला. समजा तो ०.२ अँपिअर घेतो. दिवसाला ४.८ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची असेल तर गाडी आठवडाभर उभी राहिली की खेळ खलास. काही गाड्या मधूनमधून स्वतःच जाग्या होऊन १२ ची बॅटरी भरून घेतात, सगळ्या नाही. गन लावून ठेवली म्हणजे काळजी मिटली, असंही समजू नका. चार्जिंग पूर्ण झालं की बऱ्याच गाड्यांत कन्व्हर्टरही झोपतो.

दोष बॅटरीचा की कन्व्हर्टरचा, हे साध्या मल्टिमीटरने कळतं. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२ च्या बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ च्या आसपास यायला हवं. मग गाडी ‘रेडी’ करा. आकडा साडेतेरा-चौदाच्या पुढे चढला तर कन्व्हर्टर काम करतोय, बॅटरी जुनी आहे किंवा काहीतरी तिला शोषतंय. रेडी असूनही आकडा १२.३, १२.२ असा उतरतच राहिला, तर कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेलेला आहे. नारंगी वायरींना मात्र हात लावू नका, ते सर्व्हिस सेंटरचं काम आहे.

हल्ली हे दोन्ही एकाच डब्यात बसवतात. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये त्याला आयसीसीयू म्हणतात, आणि त्यातल्या दोषाच्या शक्यतेमुळे २०२४ मध्ये भारतात १,७४४ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. १२ ची बॅटरी भरणं थांबतं, सूचना झळकते, ताकद कमी होत जाते आणि शेवटी गाडी थांबते, असं त्याचं स्वरूप होतं. तुमची गाडी कोणतीही असो, चालताना १२ व्होल्टची किंवा चार्जिंग सिस्टिमची सूचना आली तर ‘घरापर्यंत जाईल’ म्हणून रेटू नका. एसी आणि म्युझिक बंद करून पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घ्या. गाडी एकदा बंद केली की ती परत सुरू होईलच असं नाही, त्यामुळे टो-व्हॅन जिथे सहज पोचेल तिथेच उभी करा.