सोया मेणबत्तीच्या वर्णनात काय लिहावं?

मी घरी सोया मेणबत्त्या बनवून विकते. वर्णनात भावना हवी, माहितीही हवी, पण फुशारकी नको. कसं लिहू?

भावना वासातून आणि वेळेतून येऊ द्या. ‘ताण घालवते’, ‘शांत झोप लागते’ असली वचनं देऊ नका, ती सिद्ध करता येत नाहीत. १८० ग्रॅमची मोगऱ्याची मेणबत्ती असेल तर मी असं लिहीन:

‘संध्याकाळी ओट्याची आवराआवर झाली की लावायला. मोगऱ्याचा मंद वास, लहान खोलीत छान जाणवतो, मोठ्या हॉलमध्ये कमी. सोया मेण, सुती वात, सुगंधी तेल. साधारण ३० तास जळते. पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण काठापर्यंत वितळू द्या, नाहीतर मध्ये खड्डा पडतो. वर पांढरट झाक दिसली तर तो सोया मेणाचा स्वभाव आहे.’

तास मात्र मोजूनच लिहा. मेणबत्तीचं वजन करा, चार तास जाळा, पुन्हा वजन करा. २० ग्रॅम घटलं तर तासाला ५, म्हणजे १८० ग्रॅमला ३६ तास. पण तळाचं थोडं मेण उरेपर्यंतच जाळायचं असतं (नाहीतर काच फार तापते), म्हणून ३०.

सुगंध कृत्रिम असेल तर ‘१०० टक्के नैसर्गिक’ म्हणू नका. खरं मोगऱ्याचं तेल फार महाग असतं, जाणकार गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं. ‘धूर होत नाही’ हेही गाळा. वात लांब राहिली की सोया मेणही काजळी धरतं. त्याऐवजी ‘दर वेळी वात कापून ५ मिलिमीटर ठेवा’ असं लिहा.