तळव्याला हात लावला की पाय उडतो: दादाच्या वेळी आम्ही केलेली चूक

"बाबांना मणक्यात डी १० ला पूर्ण इजा आहे. पडून सहा आठवडे झाले, पाय आतापर्यंत अगदी लुळे होते. कालपासून तळव्याला हात लागला की उजवा पाय झटकन वर ओढला जातो. नस सुरू झाली असं समजायचं का? व्यायाम म्हणून रोज असं करून घेऊ का?"

करून घेऊ नका. मी डॉक्टर नाही, माझ्या थोरल्या भावाचं चार वर्षं बघतोय एवढाच अधिकार. पण तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण आम्ही नेमकं हेच करत बसलो होतो.

दादाला डी ८ ला इजा होती. पाचव्या आठवड्यात चादर बदलताना तिची कड तळव्याला घासली आणि अंगठा वर, घोटा वर, गुडघा-मांडी दुमडून अख्खा पाय पोटाकडे आला. आई रडायलाच लागली. तेव्हा ज्या उपचार केंद्रात जात होतो तिथल्या माणसाने सांगितलं, "नस जुळतेय, चेतवत राहा," आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. मग आई रोज सकाळ-संध्याकाळ केसांच्या पिनेने तळवा टोचायची. पाय वर आला की छान दुमडलेला राहावा म्हणून गुडघ्याखाली उशी. तीन महिन्यांनी दोन्ही गुडघे सरळ होईनात. आखडलेले स्नायू सैल करायला पुढचं वर्ष गेलं, आणि कॅलिपर लावून उभं करायचं राहिलं ते राहिलंच. त्या केंद्राने पावतीसुद्धा धड दिली नव्हती, असो.

पाय का उडतो ते आम्हाला पुढे दुसऱ्या एका फिजिओने कागदावर काढून दाखवलं. तळव्याचा संदेश मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात शिरतो. तो भाग इजेच्या खाली आहे, पण मेलेला नाही. तिथल्याच मधल्या पेशी पाय दुमडणाऱ्या स्नायूंना हुकूम देतात आणि त्याच वेळी मांडीच्या पुढच्या, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूला गप्प बसवतात. तसं केलं नाही तर दोन्ही बाजू एकमेकांना ओढतील आणि पाय हलणारच नाही. नीट बघितलंत तर कधी कधी दुसरा पाय किंचित उशिरा ताठ होताना दिसेल. काट्यावर पाय पडला की तो उचलायचा आणि शरीराचा भार दुसऱ्यावर घ्यायचा, ही जन्मजात सोय आहे. यात मेंदूला कुणी विचारत नाही, यालाच रिफ्लेक्स म्हणतात.

मग सहा आठवडे का नाही झालं? त्याला स्पायनल शॉक म्हणतात. वरून मेंदूकडून सतत येणारी चेतना तुटली की खालच्या पेशी एकदम थंड पडतात. बेडकात हे काही मिनिटांत ओसरतं, माणसात आठवडे जातात. शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने प्राण्यांवर दाखवलं होतं की शॉक ओसरल्यावर मज्जारज्जूला पहिल्या छेदाच्या खाली पुन्हा छेद दिला तर शॉक परत येत नाही. म्हणजे कारण जखमेचा धक्का नसून वरचा आधार तुटणं हे आहे. पुढे त्या पेशी स्वतःच जास्त हळव्या होतात आणि चादरीनेही पाय उडायला लागतो. तुमच्या बाबांचं आता तेच चाललेलं दिसतंय.

खरी हालचाल कशी ओळखायची? पायाला अजिबात हात न लावता, पाय त्यांना दिसणार नाहीत असे झाकून, सांगा: फक्त डावा अंगठा, खाली, आता थांबवा. दहा वेळा सांगा आणि किती वेळा जमलं ते मोजा. रिफ्लेक्स असेल तर स्पर्शानंतरच येतो, दर वेळी त्याच साच्यात, अख्खा पाय घेऊन, आणि मधेच थांबवता येत नाही. एक खोच मात्र आहे: जोर लावताना धड हललं किंवा खोकला आला तरी झटका येतो आणि आपण खूश होतो. एका वेळच्या हालचालीवर जाऊ नका.

यावरून सुधारणा होणारच नाही असंही मी म्हणत नाहीये. ते ठरवायला डॉक्टर गुदद्वाराभोवतीचं स्पर्शज्ञान आणि तिथला स्नायू मुद्दाम आवळता येतो का ते तपासतात. लाजेखातर ही तपासणी टाळली जाते, आमचीही टळली होती. तुम्ही आग्रह धरा.

रोज गुडघे, मांड्या, घोटे सावकाश पूर्ण सरळ करून ताण द्या. झटका आला तर जोर न लावता धरून ठेवा, तो ओसरतो. उशी गुडघ्याखाली नको, पोटरीखाली हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते. पाय घासून घासून दादाच्या टाचेला जखम झाली ती आम्हाला आठ दिवस दिसलीच नाही, कारण त्याला दुखतच नव्हतं.

आणि झटके अचानक वाढले तर औषधाचा डोस वाढवायच्या आधी लघवीचा संसर्ग, वाकलेली कॅथेटरची नळी, बेडसोअर, रुतलेलं नख हे बघा. दादाला एकदा रात्रभर झटके येत होते आणि सकाळी मोज्यात बिस्किटाचा तुकडा सापडला.