आधी साखळीचा शेवटचा शब्द बघ

रत्नागिरीच्या खलाशांचे आखातातले अरबी कागद इंग्रजीत करायला हाती घेतलेस ना, मग ‘रुख्सतु कारिबि-स्सय्याद’ बघ: मच्छीमाराच्या होडीचा परवाना. ‘चा-ची-चे’ न लावता नामं अशी एकापुढे एक जोडली की साखळी होते. ‘अल्’, म्हणजे इंग्रजीतला ‘द’, फक्त शेवटच्या शब्दाला आहे, उच्चारात तो ‘स्स’मध्ये मिसळलाय, पण त्यानेच अख्खी साखळी निश्चित होते. म्हणून ‘द फिशरमन्स बोट लायसन्स’. एक ‘द’ पुरे, ‘ऑफ’ एकही नको. शेवटी नुसतं ‘सय्यादिन्’ असतं, तर ‘अ फिशरमन्स बोट लायसन्स’.

खरी गोची विशेषणाची. ते साखळीच्या टोकाला येतं, म्हणून लिंग बघ. ‘अल्-जदीदा’, म्हणजे ‘नवी’, स्त्रीलिंगी आणि अरबीत ‘रुख्सा’ही स्त्रीलिंगी, म्हणजे नवा आहे तो परवाना; होडीचा शब्द ‘कारिब’ अरबीत पुल्लिंगी (आपली होडी मात्र ‘ती’!). ‘न्यू बोट लायसन्स’ लिहिलंस तर होडीच नवी वाटेल. तिथे सरळ ‘द न्यू लायसन्स फॉर द फिशरमन्स बोट’ लिही.