छापखान्याला चुकांची यादी कशी द्यावी

प्रश्न: स्मरणिकेच्या 300 प्रती आल्या, आत चुका आहेत. छापखान्याला पत्र कसं लिहू?

उत्तर: आधी तुम्ही सही केलेलं शेवटचं प्रूफ काढा. त्यातही असलेली चूक तुमची. ती यादीत घुसली की बाकीच्या यादीवरही वाद होतो. उरलेल्या अशा लिहा. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पृष्ठांचा गठ्ठा:

'पृष्ठ 12, वरून ओळ 7: छापलंय "दुसर्या", प्रूफात "दुसऱ्या", सर्व प्रतींत.'

'पृष्ठ 17 ते 32 चा फर्मा दोनदा, 33 ते 48 गायब, 41 प्रतींत.'

प्रती मोजाच, कंटाळवाणं असलं तरी. पहिली चूक सगळीकडे आहे, म्हणजे बहुधा फाइलमध्येच फॉन्ट बदलताना शिरली. पृष्ठ 12 ज्यात आहे तो फर्मा पुन्हा छापून मागा. दुसरी बांधणीतली, तिथे 41 प्रती बदलून मिळाल्या की पुरे. पत्राला प्रूफाची झेरॉक्स जोडा, मूळ प्रूफ हातातून सोडू नका.