शब्द मागेपुढे केले की काय बदलतं?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, आम्ही इंदूरला असतो. भाषांतराच्या धड्यात 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' अशी दोन वाक्यं होती. तिने दोन्हींचं इंग्रजी 'द बुक इज ऑन द टेबल' केलं. बाईंनी पहिलं चूक दिलं. मराठीत शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ तोच राहतो ना?

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. दोन्ही वाक्यांतली वस्तुस्थिती एकच आहे, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. घरात कोणी विचारलं, "शेव कुठे ठेवलीय?" तर आपण म्हणतो, "शेव डब्यात आहे." आणि "त्या डब्यात काय आहे?" असं विचारलं तर, "डब्यात शेव आहे." उलट करून बघा. 'शेव कुठे आहे' याला 'डब्यात शेव आहे' हे उत्तर कानाला लगेच खटकतं. आधीच माहीत असलेली गोष्ट आपण वाक्याच्या सुरुवातीला ठेवतो आणि नवी गोष्ट क्रियापदाच्या अगदी अलीकडे आणतो. (घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या तुमच्या मुलीला हे हिंदीतही तपासता येईल. 'मेज़ पर किताब है' आणि 'किताब मेज़ पर है' यांत हाच फरक आहे.)

आता 'पुस्तक टेबलावर आहे' घ्या. इथे कुठलं पुस्तक ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून इंग्रजीत 'द बुक इज ऑन द टेबल'. 'टेबलावर पुस्तक आहे' यात पुस्तक पहिल्यांदाच बोलण्यात येतंय, म्हणून 'देअर इज अ बुक ऑन द टेबल'. जे काम इंग्रजी 'अ' आणि 'द' या शब्दांकडून करून घेते, ते मराठी बरेचदा नुसत्या जागेवर भागवते. मराठीत 'द'ला नेमका प्रतिशब्द नाही म्हणून मुलं अडतात, आणि तो शब्दक्रमात असेल असं त्यांच्या मनात येत नाही.

उलट्या भाषांतरातही हेच अडतं. 'देअर इज नो वॉटर इन द पॉट' याचं 'तिथे माठात पाणी नाही' असं मराठी वहीत हमखास सापडतं. हा 'देअर' जागा दाखवत नाही. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून तो तिथे बसवलेला असतो. मराठीत तो गाळायचा : 'माठात पाणी नाही.'

एक मर्यादा मात्र मुलीला सांगा. बोलताना आवाजाचा जोर हे सगळं फिरवू शकतो. "अगं, टेबलावर आहे पुस्तक, कपाटात नाही!" यात टेबल पहिलं असूनही नवी माहिती टेबल हीच आहे. वहीतल्या सुट्या वाक्यात असा जोर ऐकू येत नाही, म्हणून तिथे साधा क्रम धरून चालायचं.

मग मराठीला शब्द असे फिरवणं परवडतं कसं? प्रत्ययांमुळे. 'कासवाने सशाला हरवलं' आणि 'सशाला कासवाने हरवलं' या दोन्हींत कोण जिंकलं याबद्दल शंका राहत नाही, कारण 'ने' आणि 'ला' आपापल्या शब्दाला चिकटलेले आहेत. इंग्रजीत 'टॉर्टॉइज' आणि 'हेअर' यांना असं काही चिकटत नाही. तिथे क्रियापदाआधी येईल तो हरवणारा. मराठीच्या क्रमाने 'द हेअर बीट द टॉर्टॉइज' लिहिलं की सगळी गोष्टच उलटते. क्रम राखायचाच असेल तर क्रियापद बदलावं लागतं : 'द हेअर वॉज बीटन बाय द टॉर्टॉइज.' हे भाषांतर मला जास्त आवडतं. मराठी वाक्य 'सशाला कोणी हरवलं?' याचं उत्तर आहे, आणि इंग्रजीतही ती नवी माहिती, म्हणजे कासव, शेवटी येते.

प्रत्यय नसला की मराठीही इंग्रजीसारखीच वागते. 'ट्रक मोटार ओढतो' आणि 'मोटार ट्रक ओढतो' यांत अजून निभावतं, कारण 'ओढतो' हे रूप ट्रकशीच जुळतं. पण 'बस मोटार ओढते' हे उलटवून बघा. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, प्रत्यय कुणालाच नाही. 'मोटार बस ओढते' म्हटलं की ओढणारी मोटार झाली. हे वाक्य तिला फिरवायला द्या, आणि मग 'बस मोटारीला ओढते' हे द्या. 'ला' लागल्यावर पुन्हा कसंही फिरवता येतं हे तिला आपोआप दिसेल.