फायनलला किती मार्क हवेत?

असाइनमेंट २०%, मिडटर्म ३०%, फायनल ५०%. असाइनमेंटला ५० पैकी ४५, मिडटर्मला ३० पैकी २१ मिळाले. एकूण ७०% हवेत, तर ८० मार्कांच्या फायनलला किती पाडू?

५० पाडा. आधी प्रत्येकाचे टक्के काढायचे, मग ते वेटेजमध्ये बसवायचे. असाइनमेंटचे ९०% म्हणजे २० पैकी १८. मिडटर्मचे ७०% म्हणजे ३० पैकी २१. हातात ३९ आले. उरलेले ३१ फायनलच्या ५० मधून काढायचे, म्हणजे ६२%. ८० मार्कांत ते ४९.६ होतात.

नुसती मार्कांची बेरीज करून १६० ने भागलंत तर ४६ पुरतील असं वाटेल, पण तेवढ्यात ६७.७५% वरच अडकाल. फायनलला वेगळं पासिंग आहे का, तेही बघून ठेवा.